मदत हवी आहे: फोटोतल्या पाय चार्टवरून टक्के काढतोय, बेरीज 104 येते

यावलचा_पोरगा
ग्रामपंचायतीत गावाच्या पीकक्षेत्राचा पाय चार्ट लावला होता, त्याचा मोबाइलवर फोटो आहे. त्यावरून कॉलेजच्या अहवालात तक्ता भरायचाय. कोनमापकाने मोजलं: कापूस 42, मका 26, केळी 15, सोयाबीन 10, इतर 11. बेरीज 104. सर 100 शिवाय घेत नाहीत. उद्या द्यायचंय. चार टक्के कुठून कमी करू?

धुळेकर_मास्तर
चार्टवर आकडे छापलेले असतात की. तेच लिहा.

यावलचा_पोरगा
आकडे असते तर मोजत बसलो असतो का सर? नुसते रंग आणि पिकांची नावं आहेत.

हिशेबनीस
सोपं आहे. प्रत्येक आकड्याला 104 ने भाग आणि 100 ने गुण. मका 25 येईल, बाकीचेही थोडे थोडे उतरतील, बेरीज बरोबर 100. आम्ही खर्चाची वाटणी अशीच करतो.

मनीषा_जळगाव
एक्सेलमध्ये तक्ता सिलेक्ट करा, Insert मध्ये जाऊन पाय चार्ट निवडा. मग डेटा लेबल्समध्ये Percentage निवडलं की टक्के दिसतात. मी बचत गटाचे असेच केले.

यावलचा_पोरगा
ताई, चार्ट बनवायचा नाही, चार्टवरून तक्ता काढायचाय.

मोजणीवाला_अमळनेर
भाऊ, घाई करू नकोस. फोटो समोरून काढलाय का? गोल नीट गोल दिसतो की चपटा?

यावलचा_पोरगा
फ्लेक्स दाराच्या वर होता, खाली उभं राहून काढला. गोल थोडा चपटा दिसतो. आता फ्लेक्स काढून टाकलाय.

मोजणीवाला_अमळनेर
मग तुझ्याकडे दोन वेगळ्या चुका आहेत. 104 आले कारण तू प्रत्येक तुकड्यावर कोनमापक नव्याने ठेवलास आणि दर वेळी वरचा आकडा धरलास. तसं न करता बाराच्या काट्याची रेघ शून्य धर आणि तिथूनच प्रत्येक सीमारेषेचा कोन वाच. लागोपाठच्या दोन कोनांची वजाबाकी म्हणजे तुकडा, भागिले 3.6 म्हणजे टक्के. शेवट 360 वरच होतो, त्यामुळे बेरीज चुकायला जागाच राहत नाही.

दुसरी चूक बेरजेत दिसतच नाही. चपट्या गोलातही मध्यबिंदूभोवतीचे कोन मिळून 360 च होतात, पण वरचे-खालचे तुकडे फुगतात आणि डाव्या-उजव्या बाजूचे आक्रसतात. म्हणून हिशेबनीसांच्या भागाकाराने 100 होतील, पण मका फुगलेलाच राहील. गोलाची रुंदी आणि उंची किती पिक्सेल आहे?

हिशेबनीस
कॉलेजच्या अहवालात एवढं कोण बघतं? दोन टक्के इकडे-तिकडे.

केळीवाला_रावेर
केळी फक्त 15? आमच्याकडे निम्मं शिवार केळीचं. गाव कुठलं ते सांगा आधी.

यावलचा_पोरगा
पेंटमध्ये बघितलं. रुंदी 840, उंची 700.

मोजणीवाला_अमळनेर
840 भागिले 700 म्हणजे 1.2. उभी अंतरं 1.2 ने वाढवायची. पेंटमध्ये कर्सर सीमारेषेच्या टोकावर नेला की खाली x आणि y दिसतात. मध्यबिंदूचे आणि प्रत्येक टोकाचे टिपून घे. मग शीटमध्ये हे टाक, cx, cy म्हणजे मध्यबिंदू:

```
=MOD(DEGREES(ATAN2((cy-y)*1.2, x-cx)), 360)
```

आधी एक तपासणी कर. उभी अंतरं वाढवल्यावर मध्यापासून सगळी टोकं सारख्याच अंतरावर यायला हवीत. वरची जवळ आणि खालची लांब आली, तर फोटो फारच जवळून घेतलाय, नुसतं ताणून भागणार नाही. मग फ्लेक्सचे चार कोपरे धरून चौकट सरळ करावी लागेल.

यावलचा_पोरगा
टोकांची अंतरं जवळपास सारखी आली. कोन 0, 152, 231, 290, 326. म्हणजे कापूस 42.2, मका 21.9, केळी 16.4, सोयाबीन 10, इतर 9.4. मका 26 चा 22 झाला! पण पूर्णांक केले तर 42, 22, 16, 10, 9, बेरीज 99. आता एक कमी पडतोय.

हिशेबनीस
कापसात टाक. मोठ्या आकड्यात एक वाढला तर कळत नाही.

मोजणीवाला_अमळनेर
मी तसं करणार नाही. सगळ्यांचे नुसते पूर्णांक घे: 42, 21, 16, 10, 9, बेरीज 98. उरलेले दोन टक्के ज्यांचा अपूर्णांक सर्वात मोठा त्यांना दे. मक्याचा .94 आणि इतरचा .44. म्हणजे मका 22, इतर 10.

धुळेकर_मास्तर
9.4 ला 10 लिहायचं हे शाळेत शून्य मार्काचं उत्तर आहे. एक दशांश ठेवा ना.

मोजणीवाला_अमळनेर
सर, दशांशातही बेरीज 99.9 च येते. शिवाय टोक टिपताना एक अंश हलला की पाव टक्क्याहून जास्त फरक पडतो, त्यामुळे तो दशांश खरा नाही. तक्त्याखाली 'फोटोवरून मोजलेले, अंदाजे' एवढं जरूर लिही.

हिशेबनीस
इतर 10 म्हणजे सोयाबीनएवढं झालं. चार्टवर ते सोयाबीनपेक्षा लहान आहे ना? कापसात टाकलं असतं तर क्रम टिकला असता.

यावलचा_पोरगा
हेही बरोबर वाटतंय. सध्या 10 टाकून खाली टीप लिहितोय. सकाळी ग्रामसेवक भाऊसाहेबांना फोन करतो, मूळ हेक्टरचे आकडे मिळाले तर बरं.