शब्दचर्चा : ‘रिप्रोड्युसिबल’ विश्लेषणाला मराठीत काय म्हणावं?

अबोली

अर्थशास्त्राच्या एमएच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीतून एक टिपण लिहिते आहे. एखादा शोधनिबंध घ्यायचा आणि त्यामागचा डेटा, कोड आणि डेटावर आधी केलेले सोपस्कार लेखकांनी पुरेसे उघड केलेत का ते तपासायचं. एवढ्या सामग्रीवर परक्या माणसाला तेच विश्लेषण करून तेच उत्तर काढता येईल का, हे त्यावरून ठरवायचं. या गुणाला ‘पुनरुत्पादनक्षमता’ म्हटलेलं वाचलंय, पण तो शब्द जीवशास्त्राने आधीच घेतलाय. दुसरा काही सुचतो का? आणि डेटाच्या त्या आधीच्या सोपस्कारांना काय म्हणू?

रानवारा

आमच्या रोपवाटिकेत केळीची ऊतिसंवर्धित रोपं करतात, त्याला ‘अभिवृद्धी’ म्हणतात. एका रोपापासून अगदी तसंच दुसरं. हा शब्द चालावा.

अबोली

रानवारा, शब्द छान आहे, पण मला रोपांचं नव्हे, आकडेमोडीचं हवंय. दुसऱ्याने केलेलं गणित आपण पुन्हा करून तेच उत्तर येतं का, ते.

मुक्तांगण

मग ‘पुनःप्रत्यय’ घ्या. मराठी वाचकाच्या कानावरून गेलेला शब्द आहे. तपासायचंही फार नसतं असं मला वाटतं. निबंधासोबत मूळ डेटा खुला ठेवला की काम झालं. आकडे सगळ्यांसमोर आहेत, पद्धत निबंधात लिहिलेली आहे, ज्याला शंका आहे त्याने करून पाहावं.

शरयू

मुक्तांगण, डेटा खुला असूनही गाडी अडली याचं एक गाजलेलं उदाहरण आहे, आणि ते अर्थशास्त्रातलंच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. २० प्रगत देशांचे १९४६ ते २००९ चे आकडे घेऊन त्यांनी म्हटलं की सरकारी कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावर येते. सरकारी खर्चकपातीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी युरोप-अमेरिकेत या आकड्याचा भरपूर आधार घेतला. कर्जाचे आणि वाढीचे मूळ आकडे त्यांच्या संकेतस्थळावर होते. म्हणजे तुमची अट पुरी झाली होती.

ॲमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्न्डन हा विद्यार्थी वर्गातला स्वाध्याय म्हणून ते गणित पुन्हा करायला बसला. उत्तर जुळेना. त्याने लेखकांना विचारलं, तेव्हा राइनहार्ट यांनी प्रत्यक्ष काम केलेली एक्सेलची फाइल पाठवली. ती मिळाल्यावर कोडं उलगडलं आणि मायकेल ॲश आणि रॉबर्ट पोलिन या शिक्षकांबरोबर त्याने एप्रिल २०१३ मध्ये ते मांडलं. सरासरीच्या पेशीत हे सूत्र होतं :

```
=AVERAGE(L30:L44)
```

देशांच्या ओळी मात्र ४९ पर्यंत होत्या. त्यामुळे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हिशेबातून गळाले.

सगळे याच चुकीबद्दल बोलतात. माझ्या मते विद्यार्थ्यांनी खरं शिकायचं ते पुढे आहे. ९० टक्क्यांवरच्या गटात त्यांच्याकडे सात देश उरले होते. त्यांची सरासरी वाढ अशी : ग्रीस २.९, ब्रिटन २.४, आयर्लंड २.४, इटली १.०, जपान ०.७, अमेरिका उणे २.०, न्यूझीलंड उणे ७.९. बेरीज उणे ०.५. सातने भागा, उणे ०.०७, म्हणजे छापलेला उणे ०.१.

आता न्यूझीलंडकडे बघा. तो आकडा एकट्या १९५१ सालचा आहे, आणि खरं तर तो उणे ७.६ होता, उतरवताना ७.९ झाला. १९४६ ते १९४९ या वर्षांतही तिथलं कर्ज ९० टक्क्यांवर होतं, पण ती चार वर्षं गणितात नाहीत. त्या वर्षांची वाढ ७.७, ११.९, उणे ९.९ आणि १०.८. पाचही वर्षं घेतली तर सरासरी २.६ येते. फक्त एवढा एक आकडा बदलून बाकी सहा देश तसेच ठेवले तरी एकूण सरासरी १.४ होते. सूत्राची ती प्रसिद्ध चूक एकटी दुरुस्त केली, तर उत्तर ०.३ च्या आसपासच जातं, कारण गळालेल्या पाच देशांपैकी या गटात त्यांच्या हिशेबाने बेल्जियमच येत होता. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाची १९४६ ते १९५० ही वर्षंही न्यूझीलंडसारखी आधीच वगळलेली होती.

म्हणजे मोठा फरक पडला तो कुठली वर्षं ठेवली आणि कुठली सोडली यामुळे. आणि नेमकं हेच निबंधात सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे खुल्या डेटावरून कितीही प्रामाणिकपणे पद्धत पाळली असती तरी उणे ०.१ आला नसता.

जमाखर्च

मी आयुष्यभर वह्या तपासल्या. आमच्याकडे याला सरळ ‘ताळा’ म्हणतात. ताळा जुळतो किंवा जुळत नाही. ‘ताळा करता येण्याजोगं विश्लेषण’ असं लिहा, विद्यार्थ्यांना समजावून सांगायलाच लागणार नाही.

शरयूताईंनी सांगितलेल्या गोष्टीतला आमच्या कामाचा मुद्दा असा की बेरजेच्या पट्ट्यातून ओळी सुटल्या आहेत का, हे पाहायला मी आधी नोंदी मोजायला सांगायचो. वर वीस नावं आणि सूत्रात पंधरा ओळी, हे मोजणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

शरयू

काका, मोजणीचा मुद्दा अगदी पटला. अबोली, तपासणीत हे पहिलंच ठेव : मूळ डेटात किती नोंदी होत्या, प्रत्येक पायरीनंतर किती उरल्या आणि शेवटच्या कोष्टकात किती वापरल्या. एका देशाचं एक वर्ष ही एक नोंद धरली, तर हर्न्डनच्या मांडणीत ९० टक्क्यांवरच्या गटात अशी ११० देश-वर्षं आहेत. मूळ निबंधात प्रत्येक गटाचा असा आकडा देशवार छापलेला असता तर न्यूझीलंडपुढचा १ वाचकाला टोचला असता.

‘ताळा’बद्दल मात्र मला शंका आहे. नवाचा ताळा ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे की ५४ च्या जागी ४५ लिहिलं तरी तो जुळतो. ताळा आपण उत्तर बरोबर आहे का हे बघायला करतो. इथे प्रश्न वेगळा आहे. राइनहार्ट-रोगॉफ यांची फाइल हाती आल्यावर त्यांचं उत्तर तंतोतंत निघालं, उणे ०.१. म्हणजे अबोलीला हवा असलेला गुण त्या क्षणी त्या विश्लेषणाला मिळाला, आणि तरी उत्तर चुकलेलं होतं. तंतोतंत निघालं म्हणून तर चूक कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता आलं. ‘ताळा जुळला’ म्हटलं की मराठी माणूस ‘बरोबर आहे’ असं ऐकेल.

कृष्णाकाठ

माझं उदाहरण पावसाचं आहे. एका अहवालासाठी आम्ही दोघांनी तालुक्यांच्या दैनंदिन पावसाची एकच फाइल वापरली आणि जुलैची सरासरी दोघांची वेगळी आली. कोड दोघांनीही एकमेकांना दिला, त्यात काही चूक सापडेना. शेवटी कळलं की त्याने फाइल उघडल्या उघडल्या रिकाम्या जागी शून्य भरलं होतं, हाताने, कोडच्या बाहेर. सरासरी काढताना एक्सेल रिकामी पेशी सोडून देतं, पण शून्य मोजतं. ‘नोंद नाही’ याचं ‘पाऊस नाही’ झालं.

ओळखलं असं की एका केंद्रावर सलग आठवडाभर शून्य होतं आणि शेजारच्या तिन्ही केंद्रांवर त्याच दिवसांत चांगला पाऊस. तेव्हापासून माझा आग्रह आहे की मूळ फाइलला हात लावायचा नाही, बदल कोडमधूनच करायचा, म्हणजे तो दिसतो. आणि डेटासोबत एक पान हवं : रिकामी पेशी म्हणजे काय, उणे ९९९ म्हणजे काय, एकक मिलिमीटर की सेंटिमीटर.

आधीच्या सोपस्कारांना आमच्याकडे ‘साफसफाई’ म्हणतात. धान्य निवडतात-टिपतात त्यावरून ‘निवडटिपण’ कसा वाटतो?

मुक्तांगण

‘निवडटिपण’ मला आवडला. माझं म्हणणं थोडं मागे घेतो, नुसता डेटा पुरत नाही हे दिसतंय. पण मग कोडही दिला की प्रश्न संपला ना? कोडमध्ये सगळं लिहिलेलंच असतं.

शरयू

कृष्णाकाठ यांनी सांगितलं तेच तर कोडच्या बाहेर घडलं होतं. एक्सेलमध्ये तर कोड आणि डेटा एकाच कागदावर असतात, आणि कुणी काय हाताने बदललं त्याची खूण बहुधा राहत नाही. म्हणून तपासताना मी कोड वाचत बसत नाही. दिलेली सामग्री नव्या संगणकावर कोऱ्या फोल्डरमध्ये ठेवते आणि मूळ डेटापासून शेवटच्या कोष्टकापर्यंत कुणालाही न विचारता पोहोचता येतं का ते बघते. जिथे लेखकाला फोन करावासा वाटतो, तिथे काहीतरी द्यायचं राहिलंय. बऱ्याचदा पहिल्याच ओळीत कोड एखादी ‘अंतिम_स्वच्छ’ फाइल मागतो आणि ती कशी बनली ते कुठेच नसतं.

‘निवडटिपण’बद्दल एक सांगते. तांदूळ निवडताना खडा कुठला याबद्दल घरात वाद नसतो. इथे असतो. राइनहार्ट आणि रोगॉफ यांनी सूत्राची चूक मान्य केली, पण वगळलेल्या वर्षांबद्दल त्यांचं म्हणणं होतं की त्या काळाचे आकडे तेव्हा नुकतेच त्यांच्या संग्रहात भरले जात होते आणि पुरते तपासले गेले नव्हते. प्रत्येक देशाला सारखं वजन देण्याचाही त्यांनी बचाव केला. ब्रिटनची १९ वर्षं आणि न्यूझीलंडचं एक वर्ष त्यात सारखीच मोजली जातात. हर्न्डन आणि त्याच्या शिक्षकांनी प्रत्येक वर्षाला सारखं वजन दिलं, तेव्हा २.२ आलं. सगळे देश आणि वर्षं परत घेऊन वजन मात्र देशागणिक सारखं ठेवलं तर १.९ येतं. ‘निवडटिपण’ म्हटलं की जे काढलं ते खडेच होते असं आधीच ठरतं. मला ‘पूर्वसंस्करण’ रुक्ष वाटतो, पण तो कुणाची बाजू घेत नाही.

कृष्णाकाठ

माझं तरी ‘निवडटिपण’च राहील. पूर्वसंस्करण वाचून आमच्याकडचा एकही माणूस रिकाम्या पेशींचा विचार करणार नाही.

जमाखर्च

आणि ‘ताळा’ मी सोडत नाही. ‘बरोबर उत्तर’ आणि ‘तेच उत्तर’ यांतला फरक एका वाक्यात सांगता येतो, त्यासाठी शब्द टाकायची गरज नाही.

अबोली

सध्या मी ‘पुनर्गणनीय’ असं लिहिलंय : तोच डेटा, तोच कोड, तेच उत्तर. नवीन डेटा गोळा करून तोच निष्कर्ष निघतो का, त्याला वेगळा शब्द लागेल, तिथे ‘पुनःप्रत्यय’ ठेवून पाहते. इंग्रजीतही या जोडीची गल्लत होतीच. संगणकशास्त्राच्या एसीएम या संस्थेने २०२० मध्ये आपल्या दोन्ही संज्ञांचे अर्थ अदलाबदल करून घेतले.

एक शंका उरली. निबंधाच्या तळाशी ‘मागितल्यास डेटा मिळेल’ असं असतं, त्याला काय गुण द्यायचे? हर्न्डनलाही फाइल मागूनच मिळाली होती.

शरयू

मी मागते, आणि जे मिळतं त्यावर गुण देते. नुसत्या त्या ओळीला काही देत नाही. पण यावर माझ्या विभागातच एकमत नाही. रुग्णांचा डेटा असेल तर तो खुला ठेवता येत नाही हे खरं आहे. मात्र तिथेही कोड, वगळण्याचे निकष आणि प्रत्येक पायरीवरची नोंदींची संख्या द्यायला काही अडत नाही.