बोर्डावरचा विश्वास उडाला, दोष कोणाचा? (एक छोटी गोष्ट आणि चर्चा)

पाटीपेन्सिल
गोष्ट अशी. सहा जणांची टीम, पेमेंटचं काम. कोणतं काम कुठवर आलंय हे जिराच्या बोर्डावर दिसतं, प्रत्येक कामाचं एक कार्ड, आणि काम पुढे गेलं की कार्ड पुढच्या रकान्यात सरकवायचं. ओंकारने एक कार्ड `In Progress` मध्ये टाकलं. काम बुधवारी संपलं, शुक्रवारी प्रॉडक्शनलाही गेलं, कार्ड मात्र जागचं हललं नाही. दुसऱ्या आठवड्यात अशी चार कार्डं झाली. तिसऱ्या आठवड्यात सलोनीने `To Do` मधलं रिफंडचं कार्ड उचललं आणि दोन दिवस राबली. मग कळलं, ते ओंकारने कार्डाला हातही न लावता आपल्या ब्रँचमध्ये कधीच लिहून ठेवलंय. त्या दिवसापासून स्टँडअपला कोणी बोर्ड उघडेना. "कोण काय करतंय?" हे व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं जाऊ लागलं आणि लीड मीराताईंनी स्वतःची एक्सेल शीट काढली. पाचव्या आठवड्यात क्लायंटने बोर्ड बघून विचारलं, "रिफंडचं काम अजून सुरूच झालं नाही का?"

माझ्या मते दोष ओंकारचा. कार्ड सरकवायला दहा सेकंद लागतात. तुमचं मत?

गिटमास्तर
असहमत. जे काम यंत्र करू शकतं त्यासाठी माणसाला शिस्त कशाला लावायची? ब्रँचच्या नावात कार्डाचा नंबर घाला, `PAY-142-refund` असा. पुल रिक्वेस्ट उघडली की कार्ड `In Review` मध्ये, मर्ज झाली की `Done`. जिरामध्ये हे दोन नियम लावायला अर्धा तास लागतो. ओंकारने आयुष्यभर बोर्ड उघडला नाही तरी चालेल.

क्यूएकाकू
मास्तर, मर्ज झालं म्हणजे काम झालं हे तुम्हाला कोणी सांगितलं? हेच रिफंड घ्या. बॅकएंडचा कोड एका रेपोत, अ‍ॅपचा दुसऱ्या, दोन्हीकडे नंबर तोच. बॅकएंडची पुल रिक्वेस्ट मर्ज झाली की तुमचा नियम कार्ड `Done` करणार, आणि अ‍ॅपची तशीच उघडी राहणार. टेस्टर `Done` बघून पुढे जाणार. घाईत कोणी `hotfix-final2` नावाची ब्रँच काढली तर नंबरच नाही, म्हणजे कार्ड हलणारच नाही. आधी निदान सगळ्यांना ठाऊक होतं की बोर्ड जुना आहे. आता तो ताजा दिसेल आणि तरी चुकीचा असेल.

गिटमास्तर
दोन रेपोंचा मुद्दा मान्य. एका कार्डाखाली दोन सबटास्क करा, प्रत्येकाला आपला नंबर, म्हणजे सुटतो. आणि नंबर नसलेली ब्रँच सर्व्हरवरच अडवता येते. नियम अर्धवट लावले म्हणून नियमच नकोत असं होत नाही.

जुनाखिळा
दोघंही कार्ड कसं सरकवायचं यावर भांडताय. मला वाटतं विश्वास ओंकारच्या कार्डामुळे गेलाच नाही. तो मीराताईंच्या एक्सेलने गेला.

कार्डं आणि बोर्डाची ही पद्धत, म्हणजे कानबान, टोयोटाच्या कारखान्यातून आली. तिथे कार्ड पार्टांच्या डब्यालाच लावलेलं असतं. डब्यातला पहिला पार्ट वापरायला काढला की कार्ड निघतं आणि मागच्या टप्प्याकडे जातं. कार्ड आलं नाही तर मागचा माणूस पुढचा माल पाठवत नाही. तिथे कार्ड शिळं राहिलं तर लाइनलाच जाणवतं. आपल्याकडे कार्ड एकीकडे आणि काम दुसरीकडे. कार्ड आठवडाभर पडून राहिलं तरी ओंकारचं काही अडत नाही, अडतं ते सलोनीचं. पुढचं काम कोण उचलणार हे जोवर बोर्डावर ठरतं तोवर कार्ड न हलवणाऱ्याला कोणीतरी सकाळी टोकतंच. ते एक्सेलमध्ये ठरू लागलं की टोकायचं कारणच उरत नाही.

आता या टीमने करायचं काय? `In Progress` मध्ये तेवीस कार्डं आहेत असं धरा. सहा माणसं आणि तेवीस कामं, हा आकडा स्वतःच बोलतो. आधी जिराच्या सर्चमध्ये शिळी कार्डं शोधा, म्हणजे पाच दिवसांत जागची न हललेली:

```
status = "In Progress" AND NOT status CHANGED AFTER -5d
```

इथे `updated` वापरू नका. कोणी कॉमेंट टाकली किंवा लेबल बदललं तरी `updated` ताजं होतं, त्यामुळे मेलेली कार्डं जिवंत दिसतात.

मग सगळ्यांनी एकत्र बसून प्रत्येक कार्डाला एकच विचारायचं: याचा कोड आत्ता कुठे आहे? समजा सात प्रॉडक्शनला गेलेली निघाली, ती बंद. पाचांना ब्रँचच नाही. ती परत `To Do` मध्ये, नाव काढून. नाव तसंच ठेवलं तर दुसरं कोणी उचलत नाही. चार दुसऱ्या टीमसाठी अडलेली. ती `Blocked` मध्ये, आणि त्यांवर कोणाची वाट बघतोय आणि कधीपासून हे लिहायचं. उरली सात, ती खरी चालू. आता त्या रकान्याला सातची मर्यादा घाला. जिरा मर्यादा ओलांडू देतो, फक्त रकाना लाल होतो, म्हणून थांबायचं माणसांनीच. आणि मीराताईंनी शीट त्याच दिवशी बंद करायची. ती चालू राहिली तर महिन्याभरात परत तेवीस.

पाटीपेन्सिल
म्हणजे ओंकार सुटला? मीराताईंनी शीट काढली कारण बोर्ड आधीच खोटा होता. आधी कोण चुकलं?

जुनाखिळा
आधी ओंकार, मान्य. पण चार कार्डं कोणत्याही टीममध्ये मागे राहतात. दुसऱ्या आठवड्याच्या स्टँडअपला कोणी उजवीकडून डावीकडे कार्डं वाचली असती तर पाच मिनिटांत सापडली असती. गोष्टीत तो प्रसंगच नाही. बहुतेक माणसांची नावं घेऊन "काल काय केलं" चालू असणार. त्यात ज्या कार्डाचा विषय निघत नाही ते दिसतच नाही.

सोमवारसकाळ
आमच्या सपोर्ट टीममध्येही शुक्रवारचा स्टेटस रिपोर्ट कोणी वेळेवर भरत नाही. त्यासाठी चांगला फॉरमॅट आहे का कोणाकडे?

क्यूएकाकू
अहो, रिपोर्ट वेगळा, बोर्ड वेगळा. पण तिकिटं बोर्डावर नीट असतील तर शुक्रवारचा आकडा तिथूनच काढा, माणसांकडून पुन्हा भरून घेऊ नका. तीच माहिती दोनदा मागितली की एक जागा शिळी होणारच.

खुर्चीवाला
एक गोष्ट कोणी बोललं नाही. या बोर्डाला क्लायंट बघतोय. कार्ड `Blocked` मध्ये टाकलं की दुपारी ईमेल येणार हे ठाऊक असलेला माणूस ते `In Progress` मध्येच ठेवेल. तो आळस नाही, हिशेब आहे. तसंच `Done` केलेलं कार्ड टेस्टिंगमधून परत आलं आणि "किती परत आली" हे अप्रेझलला मोजलं जात असेल, तर कार्ड `Done` ला न्यायची घाई कोण करेल? यावर ना ऑटोमेशनचा उपाय चालतो ना मर्यादेचा. क्लायंटला वेगळा बोर्ड द्या, तीनच रकाने, आतला तपशील नाही.

गिटमास्तर
वेगळा म्हणजे पुन्हा एक्सेलच की!

खुर्चीवाला
नाही. कार्डं तीच, फक्त फिल्टर वेगळा आणि आतले सहा टप्पे त्याच्या तीन रकान्यांत जोडलेले. कोणाला हाताने काही भरावं लागत नाही.

क्यूएकाकू
फिल्टर ठीक. पण तुमच्या तीन रकान्यांत `Blocked` कुठे जाणार, "चालू" मध्येच ना? मग क्लायंटचा विश्वास सहाव्या आठवड्यात उडेल, एवढाच फरक.

खुर्चीवाला
पाच दिवसांपेक्षा जास्त अडलेलं दाखवावं, त्याआधीचं नाही, असं मला वाटतं. पण हे क्लायंट कसा आहे त्यावर, त्यामुळे अडून बसणार नाही.

पाटीपेन्सिल
गोष्टीत क्लायंटचा प्रश्न मी शेवटाला टाळी घ्यायला घातला होता. तो आधी आणावा लागणार असं दिसतंय. ओंकारला मात्र मी अजून सोडलेलं नाही. सलोनीचे दोन दिवस त्यानेच घालवले.