१८९७ सालच्या पत्रात 'टेन्शन' कसं आणायचं?

बोरूबहाद्दर: प्लेगच्या पुण्यावर कथा लिहितोय, साल १८९७. धाकटा भाऊ वाईच्या दादाला पत्र लिहितो. पहिला खर्डा असा झालाय: "दादा, इकडे सीन बेकार आहे. सोल्जर घरात घुसून चेक करतायत. आईला खूप टेन्शन आलंय. प्लीज लवकर ये. काळजी घे." हे जुन्या वळणात आणावं, की वाचकासाठी सोपंच ठेवावं?

पेशवाईप्रेमी: आणाच. "विज्ञापना ऐसीजे"ने सुरुवात करा, पुढे 'जाहले', 'हुजूर'. टेन्शनला 'मानसिक तणाव', तारखेला 'दिनांक'. संस्कृत शब्द आले की काळ आपोआप मागे जातो.

जुनी दौत: पत्राचा बाज हवा हे खरं, पण शतक चुकलं. 'विज्ञापना ऐसीजे' पेशवे दफ्तरातलं. आणि संस्कृत म्हणजे जुनं असंही नाही. तेव्हा 'तारीख'च लिहीत. 'दिनांक' पुढे सावरकरांच्या भाषाशुद्धीतून रुळला. 'मानसिक तणाव' तर टेन्शनचंच भाषांतर! त्याऐवजी आई काय करते ते दाखवा:

"तीर्थरूप दादा यांचे सेवेसीं, बालकाचे साष्टांग नमस्कार. वि. वि. येथील वर्तमान कठीण आहे. गोरे शिपाई घरांत शिरून झडती घेतात, देवघरही सोडीत नाहींत. मातुश्रींनीं काल रात्रीं अन्नास स्पर्श केला नाहीं. पत्र पावतांच निघून यावें. प्रकृतीस जपावें. कृपालोभ असावा हे विनंती."

'प्लीज'ला वेगळा शब्द लागलाच नाही, 'यावें'मध्ये आर्जव आलं. थोरल्या भावाला पत्रात 'ये' म्हणणंही टळलं.

शेवटची लोकल: मला नाही पटत. हे अनुस्वार १९६२च्या नियमांनी गेले ते बरंच झालं. आजची पोरं त्यांना टायपिंगच्या चुका समजतील. आणि घरात आई "अन्नास स्पर्श केला नाही" असं बोलणार आहे का?

जुनी दौत: नाही बोलणार. "घास उतरत नाही रे" म्हणेल. लिहायची आणि बोलायची भाषा तेव्हा आजच्याहून जास्त लांब होती, म्हणून अनुस्वार फक्त पत्रात ठेवा. निवेदन साधं चालेल, पण त्यात 'करतोय', 'बोलतोय' नको. 'तो रोज नदीवर जाई' अशी एकदोन क्रियापदं पुरतात.

मोडीवाली: आमच्याकडे पणजोबांची मोडीतली पत्रं आहेत. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचाच पत्ता नाही, अनुस्वारांचं काय घेऊन बसलात! कोणी देवनागरीत उतरवून देईल का?

शेवटची लोकल: पत्रातही अनुस्वार नकोत. वाचक अडखळला की आईच्या उपाशी राहण्याकडे लक्षच जात नाही.

बोरूबहाद्दर: मातुश्रींचं वाक्य घेतो, अनुस्वारांचं बघतो. दादा इंग्रजी शिकलेला आहे. त्याच्या तोंडी इंग्रजी शब्द चालतील?

जुनी दौत: बेलाशक. शिकलेली मंडळी तेव्हाही बोलण्यात इंग्रजी पेरत. पण ते शब्द कोर्ट, स्टेशन, ऑर्डर, प्लेग असे. 'सीन बेकार' मात्र नाही. तेव्हाचा सीन नाटकातला.