तळमजल्याची खोली घेण्याआधी

"पोराला मुंबईत नोकरी लागली. कुर्ल्यात मिठी नदीजवळ तळमजल्याची खोली स्वस्तात भेटते. घेऊ का?"

भाऊ, नका घेऊ. आपल्या गावचा नाला पाऊस थांबला की उतरतो. तिथं भरती असली तर पाण्याला समुद्रात जायला वाटच राहत नाही. जोराचा पाऊस आणि साडेचार मीटरची भरती एकाच वेळी आली की पाणी वस्तीतच थांबते, ओहोटी लागेपर्यंत. हिंदमाता, सायनचं गांधी मार्केट, मिलन सबवे या भागांतही तेच.

माझा पुतण्या तिथं राहिला आहे, म्हणून सांगतो. खोली बघताना भिंतीचा रंग पाहा. कमरेपर्यंत नवा आणि वर जुना असेल तर समजून जा. विजेचा मीटर छातीच्या वर बसवलेला, दाराला वीतभर सिमेंटचा उंबरा, कपाट विटांवर चढवलेलं, ही पाणी शिरल्याचीच लक्षणं. पुतण्यानं उंबरा पाहिला होता, पण घरमालक म्हणाला, "उंदरांसाठी आहे." जुलैत संडासातून उलटं पाणी आलं, उंबरा तसाच कोरडा!

घरमालकाला विचारूच नका, शेजारच्या किराणावाल्याला विचारा. तो पावसाळ्यात पोती कोणत्या फळीवर ठेवतो ते बघा. पहिला मजला हजार-दोन हजारानं महाग पडला तरी घ्या.