मदत हवी आहे: हिशोबाच्या अॅपमधला बग रिव्ह्यूमध्ये नीट कसा लिहू?

नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटाचा हिशोब ठेवतो त्या अॅपमध्ये फोनची भाषा मराठी असली की बॅकअप परत आणताना सगळ्या नोंदींच्या तारखा रिकाम्या येतात. भाषा इंग्रजी करून तोच बॅकअप उघडला की तारखा बरोबर दिसतात. मला वाटतं, मराठीत तारीख २०२५ अशी देवनागरी अंकांत साठवली जाते आणि वाचताना अॅपला ती कळत नाही. पण हा माझा अंदाज आहे, म्हणून रिव्ह्यूमध्ये तो शेवटी ठेवलाय.

प्ले स्टोअरवर ५०० अक्षरांचीच मर्यादा आहे. मसुदा असा:

"बॅकअप परत आणल्यावर तारखा गायब. सॅमसंग गॅलेक्सी ए१४, अँड्रॉइड १४, अॅप ४.२.१. फोनची भाषा मराठी ठेवा, एक नोंद करा, बॅकअप घ्या, अॅप काढून पुन्हा टाका, बॅकअप परत आणा. तारीख दिसायला हवी, जागा रिकामी येते. दर वेळी घडतं. भाषा इंग्रजी केल्यास घडत नाही. देवनागरी अंकांमुळे असेल का?"

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. डेव्हलपर मराठी वाचणारे नसतील तर हेच इंग्रजीत लिहावं का? आणि कुणाचा फोन मराठीत असेल, तर हिशोबाच्या कुठल्याही अॅपमध्ये हीच कृती करून बघाल का? आधी एखादी खोटी नोंद टाकूनच करा, खऱ्या वहीवर नको. तुमच्याकडेही तसंच झालं तर फोनचं मॉडेल, अँड्रॉइड आणि अॅपची आवृत्ती इथे लिहा.