"एआय जबाबदारीने वापरतो" म्हणजे नक्की काय करता? (डेटा अ‍ॅनालिस्ट इंटरव्ह्यू)

यशमार्गी:
डेटा अ‍ॅनालिस्टच्या इंटरव्ह्यूत हल्ली हमखास येतो तो प्रश्न: एआय टूल्स जबाबदारीने कशी वापराल? चार ओळी पाठ करून जा. एआय माझा मदतनीस आहे, निर्णय माझाच असतो. गोपनीय माहिती मी त्यात टाकत नाही. आलेलं उत्तर तपासून घेतो. पक्षपात होणार नाही याची काळजी घेतो. एवढं ठामपणे म्हटलंत की पुढचा प्रश्न येतच नाही.

उभाआडवा:
येत नाही, कारण समोरच्याने तोवर तुमच्या नावावर काट मारलेली असते. मी टेबलाच्या त्या बाजूला बसतो. "तपासून घेतो" कानावर आलं की मी फक्त "कसं?" म्हणतो, आणि तिथेच गाडी अडते. "नीट वाचून बघतो." "रन करून बघतो." अहो, क्वेरी रन झाली म्हणजे बरोबर आली, असं कोणी सांगितलं?

मी देतो ते उदाहरण इथेच टाकतो, फुटलं तर फुटलं. ऑर्डर्सच्या टेबलात तीन ऑर्डरी आहेत: १०००, ५०० आणि ५००. पहिलीचे पैसे दोन हप्त्यांत आले, म्हणून पेमेंट्सच्या टेबलात तिच्या दोन नोंदी. उरलेल्या दोघींची एकेक. ज्यांचे पैसे आलेत त्या ऑर्डरींची एकूण रक्कम हवी आहे. टूल लिहून देतं:

```sql
SELECT SUM(o.amount)
FROM orders o
JOIN payments p ON p.order_id = o.order_id;
```

एरर नाही, दिसायला नेटकी. उत्तर ३०००. खरा आकडा २०००. पहिली ऑर्डर दोन पेमेंटांना जुळली, तिची रो दोनदा आली, १००० दोनदा धरले गेले. इथवर बरेच जण पोचतात. मग टूललाच सांगतात, "डुप्लिकेट येतायत, काढ." ते `SUM(DISTINCT o.amount)` करून देतं. आता उत्तर १५००, कारण ५००च्या दोन वेगळ्या ऑर्डरी एकच समजल्या गेल्या. आणि खरी गंमत पुढे आहे. तिसरी ऑर्डर ७००ची असती तर हीच चुकीची क्वेरी २२०० असं बरोब्बर उत्तर देऊन मोकळी झाली असती. उमेदवार खूश, डॅशबोर्ड लाइव्ह, आणि बोंब उठणार महिनाअखेरीला.

मला ऐकायचं असतं ते असं: जॉइनच्या आधी रो मोजल्या, नंतर मोजल्या, ३ च्या ४ झाल्या म्हणून थांबलो. पेमेंटमधलं काहीच नको होतं, पेमेंट आहे की नाही एवढंच बघायचं होतं, म्हणून जॉइन काढून `EXISTS` लावलं. मग एका बंद झालेल्या महिन्याचा आकडा काढून हिशोब विभागाच्या आकड्याशी ताडला. एवढं जो सांगतो त्याला "जबाबदारी" हा शब्द उच्चारावाही लागत नाही.

यशमार्गी:
साहेब, हा एसक्यूएलचा प्रश्न झाला. विचारलं होतं एआयबद्दल. ही चूक माणूसही करतो. फ्रेशर मुलांना घाबरवून काय मिळतं?

उभाआडवा:
माणूसही करतो, मान्य. पण ज्याने स्वतः लिहिली त्याला निदान कुठे जॉइन केलं ते आठवतं. आयती आलेली ऐंशी ओळींची क्वेरी कोणी वाचत नाही, तुम्हीही वाचत नसणार.

पिवळी_सेल:
मला हा सगळा प्रश्नच ढोंगी वाटतो. आम्ही जबाबदारीने वापरायचं, आणि यांनी? एका ठिकाणी माझा अर्ज रात्री अकराला गेला आणि अकरा वाजून काही मिनिटांनी नकार आला. कोणत्या माणसाने वाचला तो? जिथे माणूस भेटला तिथे पहिला प्रश्न हा. मी सरळ म्हटलं, मी एआय वापरतच नाही, मला एक्सेल पुरतं. चेहरे बघण्यासारखे झाले होते. नंतर फोन नाही.

उभाआडवा:
अर्जाचं झालं ते वाईटच. पण "वापरतच नाही" हे या प्रश्नाचं उत्तर नव्हे. आणि ते खरं आहे यावरही हल्ली कोणी विश्वास ठेवत नाही.

पिवळी_सेल:
म्हणजे खरं बोललं की संशय, पाठ केलेलं बोललं की काट. छान.

स्कीमावीर:
एवढं काही अवघड नाही. मी टूलला फक्त टेबलांची आणि कॉलमांची नावं देतो. डेटाचा एक कणही नाही. उत्तर आलं की दुसऱ्या टूलला तपासायला देतो. दोघांचं जुळलं की पुढे. गोपनीयताही सांभाळली, तपासणीही झाली. इंटरव्ह्यूत हेच सांगितलं आणि नोकरी लागली.

चष्मिष्ट:
पहिला अर्धा भाग चांगला आहे, दुसरा नाही. वरचंच उदाहरण घ्या. नुसती कॉलमांची नावं दिलीत तर एका ऑर्डरीला अनेक पेमेंटं असू शकतात हे त्या टूलला कुठून कळणार? दुसऱ्यालाही तेच दिलंत, तर तेही तिथेच आंधळं. दोघांनी एकाच न दिसणाऱ्या खड्ड्यावर सही केली, याला तपासणी म्हणत नाहीत. डेटा न देण्याची किंमत ही आहे की त्याची ठेवण तुम्हाला शब्दांत सांगावी लागते: या टेबलात एक रो म्हणजे एक हप्ता, `order_id` इथे पुन्हा पुन्हा येतो, रद्द झालेल्या ऑर्डरी पुसल्या जात नाहीत, फक्त `status` बदलतो. अशा तीन-चार ओळी प्रॉम्प्टमध्ये गेल्या की पहिल्याच फटक्यात बऱ्यापैकी क्वेरी येते. आणि या ओळी लिहायच्या तर टेबल आधी आपल्याला कळलेलं असावं लागतं, हा आडफायदा.

स्कीमावीर:
ठीक, ठेवण सांगायला हवी हे पटलं. पण मग सरळ नमुन्याच्या पन्नास रो द्याव्यात की. नाव आणि मोबाइलचे कॉलम उडवायचे, झालं. एवढा बाऊ कशाला?

चष्मिष्ट:
बाऊ अशासाठी की नाव उडवल्याने माणूस उडत नाही. लटान्या स्वीनी यांचं २००० सालचं काम या क्षेत्रातल्या बहुतेकांना ऐकून माहीत असतं: पाच अंकी झिप कोड, जन्मतारीख आणि लिंग, एवढ्या तिघांवरून अमेरिकेतल्या ८७ टक्के लोकसंख्येची ओळख बहुधा एकमेव ठरते, असा त्यांचा अंदाज. तुमच्या पन्नास रोंमध्ये जन्मतारीख आहे की नाही?

स्कीमावीर:
मी जन्मतारीख पण काढतो. मोबाइलला हॅश लावतो. आता?

चष्मिष्ट:
मोबाइल नंबर किती असू शकतात याला मर्यादा आहे. साधा हॅश असेल तर सगळे शक्य नंबर हॅश करून यादी बनवायची आणि तुमची व्हॅल्यू तिच्यात शोधायची. आजच्या मशीनला ते जड नाही. गुप्त किल्ली वापरली असेल तर गोष्ट वेगळी. वापरता?

स्कीमावीर:
ताई, मी अ‍ॅनालिस्ट आहे, गुप्तहेर नाही. त्या टूलवाल्यांना माझ्या ग्राहकाचा मोबाइल शोधायला वेळ आहे का?

चष्मिष्ट:
ताई म्हणून टाळू नका. तो डेटा तुमच्या ग्राहकाचा आहे, कोणाला वेळ आहे यावर तुम्ही पैज लावायची नाही. आमच्याकडे पगाराचा तक्ता असाच "नावं काढून" बाहेरच्या टूलमध्ये गेला होता. त्यात विभाग, पद आणि रुजू झाल्याचं वर्ष होतं. एका विभागात ते पद असलेली बाई एकच. तिचा पगार नावासकट दिल्यासारखाच झाला. शिवाय "शेरा" नावाचा कॉलम कोणी उघडूनही पाहिला नव्हता. त्यात "अमुक यांच्या आजारपणामुळे" असली वाक्यं. मोकळ्या मजकुराच्या कॉलमात नाव, नंबर, आजार, काहीही सापडतं.

पिवळी_सेल:
शेऱ्याचा कॉलम! आमच्याकडे त्यात लोक वरिष्ठांना शिव्या घालायचे. एआयला कळू देत की.

उभाआडवा:
शेऱ्याचा मुद्दा माझ्याही यादीत नव्हता, घेतो. पण मंडळी, धागा इंटरव्ह्यूचा आहे.

चष्मिष्ट:
मग इंटरव्ह्यूतलंच बोलते. तुम्ही रो मोजायला सांगता ते योग्यच, पण तुमचं सगळं वजन आकडा बरोबर येण्यावर आहे. आकडा बरोबर आला आणि तो काढताना पगारपत्रक बाहेर गेलं, तर तुमचा उमेदवार पास?

उभाआडवा:
नापास. हे मी आधी लिहायला हवं होतं असं म्हणायचं असेल तर म्हणा. तरी माझा अनुभव असा की गोपनीयतेवर सगळे फडाफडा बोलतात. रो मोजणारा विरळा.

यशमार्गी:
बरं, मग पाचवी ओळ घालतो: जॉइनच्या आधी आणि नंतर रो मोजतो. खूश?

उभाआडवा:
घाला. मी विचारीन, रो मोजल्या, ३ च्या ३ च आल्या, म्हणजे बरोबर?

यशमार्गी:
हो ना?

चष्मिष्ट:
नाही. एक ऑर्डर पेमेंट नसल्यामुळे गळली आणि दुसरीची दोनदा आली, तरी ३ च्या ३ च राहतात. म्हणून `COUNT(*)` बरोबर `COUNT(DISTINCT o.order_id)` पण बघायचा. पहिला ३ आणि दुसरा २ दिसला की लगेच कळतं.

यशमार्गी:
तुम्ही दोघं मिळून एकाही मुलाला नोकरी लागू देणार नाही.

नवखी:
मी पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यूला जाते आहे म्हणून विचारते. कंपनीने स्वतःच टूलचं लायसन्स घेतलं असेल, तर खरा डेटा टाकला तर चालतं का? आणि असा प्रश्न आला तर काय सांगू?

स्कीमावीर:
चालतं. पैसे त्यासाठीच मोजलेत.

चष्मिष्ट:
पैसे मोजल्याने आपोआप काही होत नाही. करारात काय लिहिलंय ते बघावं लागतं: टाकलेला मजकूर किती दिवस साठवतात, मॉडेल शिकवायला वापरतात का, आणि कुठल्या वर्गाचा डेटा टाकायला कंपनीने परवानगी दिली आहे. विक्रीचे एकत्रित आकडे चालत असतील आणि ग्राहकांच्या रो चालत नसतील, असं असू शकतं. यातलं उमेदवाराला बाहेरून काहीच ठाऊक नसतं. तेव्हा तू "पहिल्या आठवड्यात हे कोणाला विचारेन" ते सांग, आणि उत्तर येईपर्यंत बनावट रोंवर काम करेन म्हण.

स्कीमावीर:
आणि बनावट रोंमध्ये दोन हप्ते घालायला विसरली, तर उभाआडवा काट मारणार.

उभाआडवा:
मारणार. आणि ५००च्या दोन ऑर्डरीही घालायच्या.

पिवळी_सेल:
माझ्या अर्जाचं कोणी काही बोललंच नाही.