मदत हवी आहे: बोअरवर सोलरला सबमर्सिबल घेऊ की वरचा पंप? आणि मोटर एसी की डीसी?

बागवाला
नमस्कार मंडळी. साडेसहा इंची बोअर आहे, ३०० फूट खोल. पाणी बंद असताना ९० फुटांवर असतं. आत २२० फुटांवर ३ एचपीची जुनी थ्री फेज सबमर्सिबल आहे, ४१५ व्होल्टची. पाणी जमिनीपासून २५ फूट उंचावरच्या टाकीत चढवतो. मोटर ४० मिनिटं चालली की पाणी तुटतं, मग दीड तास थांबावं लागतं. ५४० वॅटचे ६ पॅनल हाताशी आहेत. एक जण म्हणतो वरचा पंप घे, बिघडला तर हाताशी असतो. दुसरा म्हणतो डीसीशिवाय सोलर करूच नको. मोटर बाहेर काढायची तर पूर्ण दिवस जातो, म्हणून एकदाच काय ते नीट करायचंय.

विहीरकाठ
दादा, डोळे झाकून वरचा मोनोब्लॉक घ्या. माझ्याकडे तीन वर्षं सोलरवर चालतोय. सील गेलं तर तासाभरात बदलून होतं. सबमर्सिबलला ही सोय नाही.

तांब्याची तार
विहीरकाठ, तुमचं पाणी किती खोल आहे?

विहीरकाठ
विहिरीत कठड्यावर पंप बसवलाय. पाणी तिथून १२-१५ फूट खाली.

तांब्याची तार
मग तुमच्याकडे तो बरोबरच आहे, पण बागवाल्यांकडे तो एक थेंबही उचलणार नाही. वरचा पंप पाणी ओढत नाही. तो पाइपातली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. तो दाब अगदी आदर्श स्थितीतही सुमारे ३४ फुटांपर्यंतच ढकलू शकतो. फूटव्हॉल्व्ह, सांधे आणि पाइपाचं घर्षण धरलं तर प्रत्यक्षात २०-२२ फूट. इथे पाणी ९० फुटांवर आहे आणि पंप चालू झाला की आणखी खाली जाणार. पंपाची एचपी वाढवून ही मर्यादा हलत नाही. तेव्हा सबमर्सिबलच.

शेवटचा पाट
सबमर्सिबल तर आहेच की. नवीन काही घेऊ नका. जुन्या मोटरला सोलरचा ड्राइव्ह लावा. पॅनल ३,२४० वॅटचे होतात, ३ एचपी म्हणजे २,२४० वॅट. आरामात चालेल.

तांब्याची तार
ड्राइव्हवर जुनी एसी मोटर चालते हे खरं आहे. पण तुम्ही फक्त वॅट बघितले, व्होल्ट बघितले नाहीत. एका पॅनलचे उन्हात चालताना साधारण ४१ व्होल्ट धरा. सहा एकापाठोपाठ जोडले तर जेमतेम २५० होतात. ४१५ व्होल्टच्या मोटरला पूर्ण ५० हर्ट्झवर फिरवायला ड्राइव्हला पॅनलकडून सुमारे ५९० व्होल्ट लागतात. २५० वर बरेच ड्राइव्ह कमी व्होल्टेज दाखवून बंद पडतील. एखादा चालला तरी मोटर २१ हर्ट्झच्या आसपासच फिरवेल.

आता खरी गंमत इथे आहे. पंपाचं हेड वेगाच्या वर्गाने कमी होतं. बागवाले, तुमच्या पंपाच्या पट्टीवर कमाल हेड किती लिहिलंय?

बागवाला
बिलावर १०० मीटर लिहिलंय, काका.

तांब्याची तार
म्हणजे २१ हर्ट्झला ते १८ मीटर उरतं, साधारण ६० फूट. तुमचं पाणी सकाळी सकाळीच ९० फुटांवर. मोटर फिरेल, आवाज येईल, कंट्रोलर चालू दाखवेल आणि टाकीत काहीच पडणार नाही. वर वाहतं पाणी नाही म्हणून मोटर गरमही होईल. कंट्रोलरवर हर्ट्झ दिसतात आणि पाइपातून पाणी नाही, असं दिसलं की हेच समजायचं.

पॅनलचे व्होल्ट वाढवून देणारा बूस्टवाला कंट्रोलर घेतला तर जुनी मोटर चालवता येईल. पण त्याआधी मला तुमचा ३ एचपीच जास्त वाटतोय. एक काम करा. मोटर चालू करून गेटव्हॉल्व्ह हळूहळू बंद करत जा, इतका की दोन-तीन तास सलग धार तुटणार नाही. मग त्या धारेखाली २०० लिटरचा ड्रम ठेवून वेळ मोजा. त्याच वेळी बोअरच्या टोपीच्या फटीतून दोरीला वजन बांधून पाण्याची पातळी बघा. दोरी सावकाश सोडा, केबलमध्ये अडकली तर वेगळंच काम वाढेल.

उन्हाळपाळी
आमचा अनुभव सांगते. आमच्याकडे ४ वर्षं डीसी आहे. सकाळी शेजारच्या एसीच्या आधी पाणी येतं, संध्याकाळीही उशिरापर्यंत. पण मागच्या उन्हाळ्यात कंट्रोलर गेला आणि त्याच कंपनीचा दुसरा मिळेपर्यंत तीन आठवडे बसून राहिलो. दुसऱ्या कुणाचा त्या मोटरला चालेना. झाडं डोळ्यांसमोर सुकली. मोटर मात्र चांगलीच होती.

बागवाला
काका, काल आणि आज मोजलं. धार स्थिर झाल्यावर २०० लिटरचा ड्रम बरोबर ४ मिनिटांत भरला. दोरी १५० फुटांवर गेल्यावर डुबुक आवाज आला. दोन्ही दिवस तेच.

तांब्याची तार
मेहनत कामी आली बघा. तुमचा बोअर मिनिटाला ५० लिटर देतो. १५० फूट, वर टाकीचे २५, पाइपातल्या घर्षणाचे १५ धरू. १९० फूट म्हणजे ५८ मीटर. एवढं पाणी एवढ्या उंचीवर न्यायला निव्वळ ४७५ वॅट लागतात. पंपाची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर मोटरने ८६० वॅट द्यायला हवेत, म्हणजे दीड एचपीची मोटर पुरे. एसी मोटर ७५ टक्क्यांची धरली तर पॅनलकडून ११५० वॅट घेईल, डीसी ८५ टक्क्यांची धरली तर १०१५.

फरक १३५ वॅट. तुमच्या एका पॅनलचा चौथा हिस्सा. तुमच्याकडे पॅनल आधीच भरपूर आहेत, त्यामुळे सकाळी लवकर पाणी येण्यासाठी डीसीच हवी असं नाही. उन्हाळपाळी ताईंकडे लवकर येतं त्यात मोटरच्या कार्यक्षमतेइतकाच पॅनल आणि पंपाच्या जोडीचा वाटा असणार. दीड एचपी दिवसभर मंद चालला तर ६ तासांत १८,००० लिटर, आणि पाणी तुटायचं कारण नाही.

शेवटचा पाट
म्हणजे एसीच घ्यायची ना? मोटर जळली तर कुठलाही वाइंडिंगवाला भरून देतो.

तांब्याची तार
दुरुस्तीच्या बाबतीत हो. डीसी म्हणून विकतात त्या बहुतेक ब्रश नसलेल्या, आत चुंबक असलेल्या मोटरी असतात. खाली तीनच वायरी जातात, पण ती थेट वीजलाइनला लावायची नाही, कंट्रोलरशिवाय ती चालत नाही.

बागवाला
इथेच अडलंय. ढगाळ दिवशी मला रात्रीच्या थ्री फेज लाइनवर मोटर चालवायची आहे. एसी घेतली तर चेंजओव्हर टाकून जमेल ना?

तांब्याची तार
मोटर ४१५ व्होल्टची असेल तर जमेल. पण सहा पॅनलना जुळावी म्हणून कमी व्होल्टची सोलर एसी घेतलीत तर तीही लाइनला लावता येणार नाही, लगेच जळेल. तुम्हाला दोन्ही हवं असेल तर ४१५ ची दीड एचपी आणि बूस्टवाला कंट्रोलर. चेंजओव्हर असा हवा की लाइन आणि कंट्रोलरचं आउटपुट कधीही एकत्र येणार नाही, नाहीतर कंट्रोलर तिथल्या तिथे जातो.

उन्हाळपाळी
बूस्टवाल्यात आणखी एक भाग वाढतो, आणि उन्हात तापणारा. आमच्या ओळखीत दोन गेलेत.

तांब्याची तार
माझ्याकडचे टिकलेत, पण ते सावलीत, भिंतीपासून वीतभर लांब लावलेत. तुमच्या ओळखीतले कुठे लावले होते, ताई?

उन्हाळपाळी
पॅनलच्या मागे, खांबावर. पश्चिमेचं ऊन थेट येतं तिथे.

बागवाला
माझ्याकडे बोअरपासून ४० फुटांवर खोली आहे. कंट्रोलर आत लावून केबल तिथून नेली तर चालेल का? आणि ४१५ ची दीड एचपी घेताना पट्टीवर ५८ मीटरला मिनिटाला ५० लिटर असंच मागू, की थोडं जास्त?

तांब्याची तार
खोलीतच लावा, ४० फूट काहीच नाही. आणि जास्त मागू नका. ५८ ते ६० मीटरला ५० लिटरच मागा. उन्हाळ्यात पाणी आणखी खाली गेलं तर धार आपोआप कमी होईल, तेवढी सवलत ठेवा. ड्रमची मोजणी मात्र उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा करा आणि इथे कळवा.